इरकल नऊवारी विकायला टाकतेय, पहिल्यांदा घेणाऱ्यांना एवढ्या माहितीवरून कळेल का?

सेलूकरीण
नमस्कार मंडळी. मी सेलूची. घरूनच साड्यांचं काम करते. आतापर्यंत गिऱ्हाईक ओळखीतलं होतं. घरी यायचं, हाताला कापड लावून बघायचं, घेऊन जायचं. आता ऑनलाइन टाकायचं ठरवलंय, आणि सुरुवात इरकल नऊवारीनं करतेय. घेणाऱ्या बहुतेक मुली पंचविशी-तिशीतल्या असतील. लग्न, डोहाळजेवण, पाडवा यासाठी पहिल्यांदाच नेसणाऱ्या. मी लिहिलेला मजकूर असा आहे:

"इरकल नऊवारी. सुती अंग, आर्ट सिल्कचा काठ आणि पदर. पारंपरिक टोपतेनी पदर, लाल-पांढरा. लांबी ९ वार. सोबत ब्लाऊजपीस. शिवून हवी असल्यास शिवून मिळेल, फ्री साईज. नेसायला सोपी."

यात काय कमी आहे ते सांगा. साडी आवडली नाही म्हणून परत आली तर हरकत नाही, पण "पुरली नाही" म्हणून परत यायला नको.

बीडचा_गडी
ताई, लांबी मीटरमध्ये लिहा. नऊवारी म्हणजे नऊ मीटर, सरळ ९ मीटर लिहून टाका. आजकालच्या पोरींना वार कळत नाही.

लातूरची मावशी
मीटरमध्ये लिहावं हे दादांचं बरोबर आहे, पण ९ मीटर लिहू नका. एक वार म्हणजे ३६ इंच, ९१ सेंटिमीटरच्या थोडं वर. नऊ वार झाले ८.२३ मीटर. तुम्ही ९ मीटर लिहिलंत आणि घरी जाऊन टेप लावल्यावर सव्वाआठ भरलं, तर गिऱ्हाईक तुम्हालाच खोटं धरणार, आणि ते धरणं चुकीचं नसेल.

आमच्या सासरी तीन पिढ्या कापडाचं दुकान. त्या अनुभवावरून सेलूकरीणताईंना पहिला प्रश्न: तुमच्या साडीला टेप लावलाय का? इरकल सहा, आठ आणि नऊ अशा तिन्ही वारांत विणली जाते. आठवारी म्हणजे ७.३२ मीटर. घडी घातलेली असली की आठवारी आणि नऊवारी यातला फरक डोळ्याला कळत नाही. ठोक बाजारात दोन्हींना बिनधास्त "नऊवारी" म्हणतात, कारण काष्टा दोन्हींचा बसतो. पण कुणाला बसतो आणि कुणाला नाही, तिथं सगळी गोम आहे.

दुसरा प्रश्न: ब्लाऊजपीस साडीला जोडूनच विणलाय की वेगळा देताय? "ब्लाऊजपीससह ८ मीटर" असं लिहिलेलं मी खूप ठिकाणी बघायले. त्यातून ८० सेंटिमीटर कापले की हातात ७.२० उरतात. नाव नऊवारी आणि हातात आठवारीपेक्षाही कमी.

सेलूकरीण
मावशी, आत्ताच चार नगांना टेप लावला. तीन ८.२०च्या आसपास भरल्या, एक ७.३५. पाठवणाऱ्यानं चारही एकाच भावात, एकाच नावानं दिल्यात. ब्लाऊजपीस जोडलेला नाही. मी खणाचा तुकडा वेगळा देणार आहे.

लातूरची मावशी
बघा, आत्ताच सापडलं. ती चौथी वेगळी काढा आणि "आठवारी, ७.३५ मीटर" म्हणूनच विका. तिला गिऱ्हाईक आहे. बारीक चणीच्या, कमी उंचीच्या बाईला ती छान बसते. आणि मोजताना साडी ओढून धरू नका. फरशीवर सैल पसरायची, काठाच्या बाजूनं टेप लावायचा, पदराच्या दशा सोडून.

नांदेडची_अनू
माझीच गोष्ट विचारते. डिसेंबरात भावाचं लग्न आहे. माझी उंची ५ फूट ७ इंच, सीट ४२ इंच. नऊवारी कधीच नेसले नाही. मागं एका संकेतस्थळावरून एक मागवली होती, नेसवणाऱ्या काकूंनी कशीबशी नेसवली, पण पाऊल टाकलं की समोरून ताणायची. काकू म्हणाल्या, तू चुकीची चालतेस. माझ्या मापाला नेमकी किती लांबी लागते?

लातूरची मावशी
अनू, तुझ्या चालण्यात काही चूक नाही. हिशोब करून दाखवते. घराघरात नेसायची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा दहा-वीस सेंटिमीटर इकडंतिकडं धर.

सीट ४२ इंच म्हणजे १०७ सेंटिमीटर. कमरेचा पहिला वेढा आणि समोरची गाठ यात साधारण १.२० मीटर जातं. काष्ट्यासाठी पदर नसलेल्या बाजूचं टोक मोकळं ठेवावं लागतं, ते दीड मीटर धर. आता पदर. तो कमरेला आणखी एक वेढा घेऊन छातीवरून खांद्यावर जातो आणि मागं सुटतो. वेढ्याला १.१०, छातीवरून खांद्यापर्यंत ७० सेंटिमीटर, आणि तुझ्या उंचीला मागं गुडघ्यापर्यंत सोडायचा तर १.१०. पदराचे झाले २.९०. एकूण ५.६० मीटर. यातलं काहीच कमी करता येत नाही, हे अंगालाच लागतं.

उरलेलं सगळं निऱ्यांना. पाच बोटांची, म्हणजे साधारण पाच इंची निरी घेतली की जातायेता दहा इंच कापड लागतं, पाव मीटर. ८.२३च्या साडीत तुला २.६३ उरतात, दहा निऱ्या होतात. ७.३२च्या आठवारीत १.७२, म्हणजे सहा-सात. ७.२०ची असेल तर जेमतेम सहा.

सहा निऱ्यांत साडी नेसल्यासारखी दिसते, पण पाऊल टाकताना उघडायला कापडच नसतं. काष्ट्यानं मागून ओढलेलं, गाठीनं वरून धरलेलं, मधे गुडघा अडतो. तू सांगितलेला ताण तोच. जुनी साडी घरात असेल तर एकदा टेप लावून बघ.

नांदेडची_अनू
लावला मावशी. ७ मीटर २५.

सेलूकरीण
म्हणजे मजकुरात नुसती लांबी पुरत नाही, कुणाला पुरेल तेही लिहायला पाहिजे.

उदगीरच्या काकू
माझं थोडं वेगळं मत आहे. आमच्या सासूबाई आयुष्यभर इरकलच नेसल्या, आणि त्यांची बरीच लुगडी आठवारी होती. रानात काम करायच्या, ताणलं-बिणलं कधी नाही. पण त्या नेसायच्या पोटऱ्यांपर्यंत, काष्टा घट्ट, निऱ्या मोजक्या. पदर मात्र डोक्यावरून. त्यामुळं मावशींच्या हिशोबात पदराला आणखी अर्धा मीटर धरा. सूनबाईंना देवकार्यात डोक्यावर पदर घ्यायचा असेल तर ८.२३ सुद्धा अनूसारख्या उंच मुलीला जेमतेम पडेल. मग पदर मागं गुडघ्यापर्यंत नाही, कमरेपर्यंत येईल.

आजच्या मुलींना नऊवारी घोट्यापर्यंत लोळती हवी असते. त्याला लांबीइतकाच पन्हा लागतो, आणि तो कुणीच लिहीत नाही.

लातूरची मावशी
काकू, पन्ह्याचं अगदी बरोबर बोललात. सेलूकरीणताई, पन्हा मोजून टाका. ४५-४६ इंच असेल तर बहुतेकींना पुरतो. वरचे चार-पाच इंच खोचण्यात आणि गाठीच्या चुणीत जातात, खाली ४१च्या आसपास राहतात. गिऱ्हाइकानं कमरेपासून घोट्यापर्यंत स्वतःचं माप घ्यावं, त्यात पाच इंच मिळवावेत, आणि तो आकडा पन्ह्यापेक्षा कमी आहे का बघावं. काष्टा मागं ओढला की खालचा काठही थोडा वर चढतो, म्हणून इंच-दोन इंच जास्तीचेच बरे.

सेलूकरीण
पन्हा ४५ आहे.

नांदेडची_अनू
माझं कमरेपासून घोट्यापर्यंत ३९ आलं. ३९ आणि ५, ४४. काठावरच आहे मी.

पूर्णाकाठ
मलाही विचारायचंय. आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. या वर्षी दोघींना इरकल नऊवारी नेसवायची इच्छा आहे. स्टँड तीन फुटांचे आहेत. ८.२३ लागेल का आठवारी चालेल? आणि काष्टा कसा घालायचा?

उदगीरच्या काकू
पूर्णाकाठताई, इथं माणसांच्या मापाचं चाललंय, पण सांगते. उभ्या स्टँडला पाय नसतात, त्यामुळं खरा काष्टा येत नाही. समोर निऱ्या आणि मागं खोचलेला काठ दाखवायचा, बस्स. तीन फुटांच्या स्टँडला ४५चा पन्हा वरून दुमडावा लागेल, म्हणून जाड काठाची घेऊ नका, पोट फुगतं. आठवारीही जास्तच होईल. आम्ही सहावारी नेसवतो. नऊवारीच वाहायची असेल तर नेसवू नका, घडी समोर ठेवा. नंतर घरातल्या सवाष्णीला नेसता येते, कुठं टाचणीची भोकं पडत नाहीत.

पूर्णाकाठ
हे पटलं. म्हणजे ती एक ७.३५ची आठवारी माझ्या जावेला होईल. सेलूकरीणताई, ती बाजूला ठेवा. निरोप करते.

टाका_टिप
मी अंबाजोगाईला शिवणकाम करते. शिवलेल्या नऊवारीबद्दल कुणी काहीच बोललं नाही, म्हणून लिहितेय. ताई, "फ्री साईज" हे दोन शब्द आधी काढून टाका.

शिवलेली नऊवारी म्हणजे वरून साडी आणि आतून पायजमा. कमरेला नाडी किंवा इलास्टिक असल्यानं कंबर सैल-घट्ट होते, म्हणून लोक फ्री साईज म्हणतात. पण अडतं ते कमरेत नाही, आसनात. कमरेपासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतचं ते माप. उभं राहिल्यावर सगळं ठीक वाटतं. पूजेला मांडी घालून बसलं की आसन कमी पडतं आणि मागची काष्ट्याची शिवण उसवते. बोहल्यावर पाटावर बसल्याबसल्या टर्रकन फाटलेली साडी मी स्वतः टाका घालून दुरुस्त केलीये. दुसरीकडं शिवलेली होती, फ्री साईज.

माझ्याकडं मी पाच मापं घेते. कंबर, सीट, मांडीचा घेर, कमरेपासून घोट्यापर्यंत उंची, आणि आसन. आसनाचं माप गिऱ्हाईक घरी घेऊ शकतं. सपाट खुर्चीवर ताठ बसायचं, बाजूनं कमरेपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत टेप धरायचा. त्यात मी सैलपणाचे दोन-तीन इंच धरते. आणि शिवून आल्यावर आरशात बघायच्या आधी मांडी घालून बसायचं, उठायचं, दोन पायऱ्या चढायच्या. तिथं ताणली नाही तर लग्नात ताणत नाही.

बीडचा_गडी
बायकोसाठी घ्यायची आहे, तिला नेसता येत नाही, म्हणून शिवलेलीच बरी वाटते. पण एकदा शिवली की ती साडी राहते का? पुढं आईला नेसायची झाली तर?

टाका_टिप
कापून शिवली की नाही राहत, दादा. पाय वेगळे, निऱ्या वेगळ्या आणि पदर वेगळा कापून जोडलेला असतो. उसवून साडी होत नाही, तुकडे होतात. इरकलीच्या बाबतीत हे मी दोनदा विचारते, कारण टोपतेनी पदर अंगाच्या ताण्याला फास्यांनी जोडून विणलेला असतो. तो जोड नेमका कात्रीत आला तर जीव कळवळतो. चांगली कारागीर पदराला आणि जोडाला हात लावत नाही, कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून.

न कापताही एक प्रकार करता येतो. साडी नेसत्या मापाला निऱ्या घालून कच्च्या टाक्यांनी बांधायची, कमरेला पट्टी आणि हूक लावायचे, काष्ट्याच्या चुण्या पण टाचून ठेवायच्या. नेसणारीनं अंगाभोवती घ्यायची आणि हूक लावायचे. पायजम्याइतकी पटकन होत नाही, दहा-पंधरा मिनिटं आणि एक मदतनीस लागतो. पण टाके उसवले की साडी अख्खी. तुमच्या आईंसाठी हेच करून घ्या.

धाराशिवकर
एक स्पष्ट बोलतो. आता बाजारात सहावारी कापून "रेडी नऊवारी" म्हणून सर्रास विकायलेत. काष्टा दिसतो म्हणून ती नऊवारी होत नाही. साडेपाच मीटरच्या कापडाला नऊ वारांचं नाव देणं ही फसवणूक आहे.

टाका_टिप
दादा, सहावारीतून मी पण शिवते, खोटं कशाला बोलू. शिवलेल्या साडीत कमरेचे वेढे लागत नाहीत, त्यामुळं तेवढ्या कापडात काम होतं आणि गिऱ्हाईक तेच मागतं. घरातली आवडती सहावारी घेऊन येतात. त्यात फसवणूक कसली? फरक पडतो तो घोळात. मांड्यांजवळ कापड कमी, निऱ्या कमी, भारी अंगाच्या बाईला चापून बसल्यासारखं दिसतं.

धाराशिवकर
गिऱ्हाइकानं स्वतःची साडी दिली तर तो तिचा प्रश्न. पण विकणाऱ्यानं नऊवारी म्हणून किंमत घेतली, तर कापड किती ते लिहिलंच पाहिजे.

लातूरची मावशी
लिहायला पाहिजे हे मलाही मान्य. पण नाव काय द्यायचं यावर आमच्या दुकानातही दोन तट आहेत. आमचे धाकटे म्हणतात काष्ट्याची ती नऊवारी. सासरे म्हणायचे, कापड मोजा, मग बोला.

सेलूकरीण
मी सहावारीतून शिवलेली विकणारच नाही, त्यामुळं माझ्यापुरता हा प्रश्न नाही. पण सुती अंगाची साडी शिवून द्यायची तर आधी धुवायला हवी का? नवी कोरी शिवून दिली की दिसते छान.

टाका_टिप
दिसते छान, आणि पहिल्या धुण्यात आखूड होते. नवीन सुती कापडाला खळ असते, ती निघते आणि कापड आटतं. शंभराला तीन जरी आटलं तरी कमरेपासून घोट्यापर्यंत ३९ इंचांत एक इंचाच्या वर गेला. न शिवलेल्या साडीत तो इंच खोचताना कमी घेऊन भरून काढता येतो. शिवलेलीत काहीच करता येत नाही. शिवाय अंग सुती आणि काठ आर्ट सिल्क, दोन्ही सारखं आटत नाही, मग काठाला चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनं पण पूर्ण जात नाहीत. म्हणून शिवायची असेल तर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावायची. लाल पदराचा रंग अंगावर उतरतो का तेही तेव्हाच कळतं. भिजवायच्या आधी ओला पांढरा रुमाल पदरावर घासून बघा. रुमाल लाल झाला तर ती साडी पाण्यात घालूच नका, ड्रायक्लीनला द्या, आणि मजकुरातही तसं लिहा.

लातूरची मावशी
ती ८.२० मीटर कोरी असतानाची, हेही ध्यानात ठेवा. तीन टक्के आटली तर ७.९५ राहते. एक निरी गेली. अनू, तुला हे सांगायलेय.

नांदेडची_अनू
मग मी काय घेऊ, मावशी? ८.२० आणि ४५ पन्हा, दोन्ही काठावर. आणि लग्नात शिवलेली नको, मला नेसायचीच आहे.

लातूरची मावशी
इरकल नेसायला सगळ्यात सोपी हे लक्षात घे. सुताला पकड असते, निरी घातली तिथं राहते. सेमी सिल्क, जॉर्जेट घसरतं, पहिल्या वेळेला हाताला लागत नाही. भरजरी ब्रोकेडला आतून मोकळे धागे असतात, ते जोडव्यात आणि पैंजणात अडकतात. तेव्हा कापड तू बरोबर निवडलंस. ताईंची ८.२०ची घे, लग्नाआधी धुऊ नकोस, पदर मागं गुडघ्याऐवजी मांडीपर्यंत सोड. तिथं वीस सेंटिमीटर वाचतात, जवळजवळ एक निरी.

उंचीला कमरेची गाठ बेंबीच्या दोन बोटं खाली मार. तेवढाच काठ घोट्याकडं सरकतो.

उदगीरच्या काकू
गाठ खाली घेतली की काष्टा सुटतो, हे मी बघितलंय. विशेषतः नाचायचं असेल तर. मी म्हणेन गाठ जागेवरच ठेव आणि घोटा थोडा दिसला तर दिसू दे.

लातूरची मावशी
काकू, सुटतो तो गाठ सैल असली म्हणून. खाली असली म्हणून नाही.

उदगीरच्या काकू
दोन्हीनं सुटतो.

नांदेडची_अनू
घरी दोन्ही करून बघते. नेसायचा क्रम कुणी सांगेल का, अगदी पहिल्यांदा नेसणारीला कळेल असा?

उदगीरच्या काकू
आत परकर नाही, चापून बसणारी सुती लेगिंग किंवा सायकलिंग शॉर्ट घाल, आणि कमरेला सुती नाडी बांध. नाडी कुणी सांगत नाही, पण पहिल्यांदा नेसणारीला खोचायला तिचाच आधार असतो. साडी पाठीमागून पुढं घे. पदर नसलेलं टोक दीड मीटर ठेवून बेंबीजवळ वरच्या काठाची गाठ मार. गाठ मारताना पोट आत ओढू नकोस, नाहीतर जेवल्यावर त्रास. मग पदराकडची बाजू कमरेभोवती फिरवून खांद्यावर आण, आणि पदराची लांबी आत्ताच ठरवून पिन लाव. बऱ्याच मुली आधी निऱ्या घालतात आणि शेवटी पदराला कापड उरत नाही. पदर पक्का झाल्यावर मधे जे ढिलं उरेल त्याच्या निऱ्या घाल आणि गाठीवर खोच. सगळ्यात शेवटी काष्टा. पाय खांद्याइतके फाकवून उभी राहा, मोकळ्या टोकाचा खालचा काठ पायांमधून मागं घे, बारीक चुण्या घाल आणि पाठीच्या कण्याच्या रेषेत नाडीत खोच. पाय जवळ ठेवून काष्टा ओढला तर नंतर पाऊल उचलत नाही. खोचल्यावर एकदा उकिडवं बसून ऊठ. जिथं ओढ बसेल तिथं आत्ताच सैल कर, मग पिना लाव. पिना आधी लावल्या तर कापड फाटतं.

सेलूकरीण
सगळ्यांचं वाचून मजकूर बदलला. आता असा टाकते:

"इरकल नऊवारी. लांबी टेपनं मोजून ८.२० मीटर, पन्हा ४५ इंच. ब्लाऊजपीस यातून कापायचा नाही, खणाचा तुकडा वेगळा मिळेल. सुती अंग, आर्ट सिल्कचा काठ आणि टोपतेनी पदर. कमरेपासून घोट्यापर्यंत तुमचं माप ३९ इंचांपर्यंत असेल तर घोट्यापर्यंत येईल. सीट ४२च्या वर असेल किंवा डोक्यावरून पदर घ्यायचा असेल तर आधी विचारा. धुतल्यावर थोडी आटते. पदराचा रंग उतरतो का हे प्रत्येक नगाचं तपासून कळवू. शिवून हवी असल्यास कंबर, सीट, मांडी, उंची आणि बसून घेतलेलं आसनाचं माप पाठवा. धुऊन मगच शिवू, कापून शिवलेली पुन्हा साडी होत नाही. न कापता हूक लावूनही करून देऊ."

धाराशिवकर
"कापड अख्खं नऊवारीचं, सहावारीतून नाही" हेही घाला.

टाका_टिप
शिवायला किती दिवस लागतील तेही. धुणं, वाळवणं, शिवणं धरून आठवडा तरी मागा. आणि ताई, तुमच्याकडं न कापता हूक लावणारं कुणी आहे का? नसेल तर व्यक्तिगत निरोप करा, अंबाजोगाईहून सेलूला पार्सल जातं.

सेलूकरीण
कुणीच नाही हो. करते निरोप. धाराशिवकर दादा, तीही ओळ घालते.

बीडचा_गडी
आईला विचारलं. ती म्हणते हूकबिक काही नको, सुनेला मी नेसवते. मग मला साधीच एक. सीट विचारायला गेलो तर बायको म्हणते मी स्वतःच कळवते.